महारेराकडे तक्रार: ‘पैसे परत’ की ‘दरमहा व्याज’?

बिल्डरने ताबा द्यायला उशीर केला की महारेराकडे तक्रार करता येते, हे आता बहुतेकांना माहीत असतं. पण तक्रारीत नेमकं मागायचं काय, हे ठरवण्यात गडबड होते. आज तेवढंच बघू.

२०१६च्या रेरा कायद्याचं कलम १८ तुम्हाला दोन रस्ते देतं. एक, प्रकल्पातून बाहेर पडा आणि भरलेले पैसे व्याजासह परत घ्या. दोन, फ्लॅट ठेवा आणि ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घ्या. निवड तुमची, बिल्डरची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ‘न्यूटेक प्रमोटर्स’ खटल्यात सांगितलं की ताबा वेळेत मिळाला नाही तर पैसे परत मागण्याचा हक्क बिनशर्त आहे. ‘सिमेंट महागलं, मंजुरी अडकली’ वगैरे कारणांनी तो जात नाही.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ४० लाख भरलेत: १ जानेवारी २०२१ला १० लाख, २०२२च्या १ जानेवारीला २० लाख, २०२३च्या १ जानेवारीला १० लाख. करारनाम्यात ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२३. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे व्याजदर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक २ टक्के. सोयीसाठी ११ टक्के धरू, सरळ व्याजाने.

पैसे परत घेताना व्याज प्रत्येक हप्ता बिल्डरला मिळाला त्या दिवसापासून मोजतात. १ जानेवारी २०२६पर्यंत पहिल्या हप्त्यावर साडेपाच लाख, दुसऱ्यावर ८.८ लाख, तिसऱ्यावर ३.३ लाख. म्हणजे व्याज १७.६ लाख आणि मुद्दल धरून ५७.६ लाख. फ्लॅट ठेवलात तर व्याज ताब्याच्या तारखेनंतरचंच: दोन वर्षांचे ८.८ लाख, पण फ्लॅट तुमचाच. त्याच परिसरात तसाच फ्लॅट आज ७५ लाखांना असेल, तर परताव्याचा मोठा आकडा फसवा आहे. इमारत सांगाड्यावरच थांबली असेल, तर गणित उलटतं.

इथे एक सापळा आहे. महारेराच्या साइटवर प्रकल्पाची ‘पूर्णत्वाची तारीख’ दिसते आणि ती बिल्डर वाढवून घेऊ शकतो. तुमचा उशीर मात्र करारनाम्यातल्या तारखेपासून मोजायचा. तक्रारीत तीच तारीख लिहा आणि ते पान जोडा.

तक्रार ऑनलाइन असते, ‘फॉर्म ए’मध्ये, फी ५००० रुपये. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, करारनामा, पावत्या, बिल्डरशी झालेले ईमेल आणि हप्तावार तारखांचा तक्ता लागतो. वकील सक्तीचा नाही. पण मागणीच्या रकान्यात ‘न्याय मिळावा’ असं लिहू नका. ‘कलम १८नुसार एवढी रक्कम, प्रत्येक हप्त्याच्या तारखेपासून व्याजासह परत’ असं लिहा. मानसिक त्रासाची भरपाई हवी असेल तर ती वेगळी बाब: ‘फॉर्म बी’, आणि ती ॲडज्युडिकेटिंग ऑफिसर ठरवतो.

कायदा म्हणतो ६० दिवसांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात अनेक तक्रारी वर्षाहून जास्त चालतात, तेव्हा घरभाडं आणि ईएमआयचं नियोजन ६० दिवसांवर करू नका.

समजा आदेश तुमच्या बाजूने लागला. बिल्डरला अपिलाला ६० दिवस असतात, पण परताव्याच्या आदेशावर अपील ऐकलं जाण्याआधी त्याला व्याजासह पूर्ण रक्कम न्यायाधिकरणात भरावी लागते. ग्राहकाच्या दृष्टीने ही या कायद्यातली सगळ्यात कामाची तरतूद आहे असं मला वाटतं.

तो अपीलही करत नाही आणि पैसेही देत नाही, असंही होतं. मग आदेश पाळला नाही म्हणून महारेराकडे पुन्हा अर्ज करावा लागतो. त्यावर कलम ४०प्रमाणे रिकव्हरी वॉरंट निघतं, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि तहसीलदार शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली करतो: नोटीस, जप्ती, लिलाव. खरी रखडपट्टी इथे होते, कारण जप्त करायला मालमत्ता सापडावी लागते. म्हणून बिल्डरच्या नावावरच्या जमिनींचे सातबारे, न विकलेल्या फ्लॅटची यादी (ती महारेराच्या साइटवरून काढता येते) आणि बँक खात्याचा तपशील तुम्हीच तहसील कार्यालयात नेऊन द्या, पोच घ्या.

आणि मध्येच कंपनी दिवाळखोरीत गेली तर वसुली थांबते. अशा वेळी वॉरंट घेऊन बसू नका, एनसीएलटीने नेमलेल्या व्यावसायिकाकडे मुदतीत क्लेम भरा. परताव्याचा आदेश हातात असला तरी घरखरेदीदाराला ‘वित्तीय धनको’ म्हणूनच धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.