पाच जणींची जामीनकी

नवा रायपुर ही छत्तीसगडची आखून वसविलेली राजधानी. तिच्या प्रशस्त रस्त्यांलगत धानाची जुनी गावे अजून नांदत आहेत. अशा गावातील एखादी स्त्री शिवणयंत्रासाठी किंवा भाजीच्या दुकानासाठी दहा हजार रुपये मागते, तेव्हा कर्ज देणाऱ्या संस्थेपुढे पेच उभा राहतो. ही बाई सावध आहे की धाडसी, हे संस्थेला ठाऊक नसते. तारण तर नसतेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सूक्ष्म कर्ज विनातारणच द्यावयाचे असते.

हा पेच किती खर्चाचा आहे ते एका कल्पित हिशेबाने पाहू. सावध स्त्रियांपैकी दहांत नऊ जणींचा धंदा चालतो आणि त्या कर्ज फेडतात. धाडसी स्त्रियांपैकी दहांत सहाच. दोन्ही प्रकारच्या स्त्रिया सारख्याच संख्येने आहेत. खर्च भरून निघण्यासाठी संस्थेला दर कर्जामागे सरासरी १०,८०० रुपये परत यावे लागतात. सगळ्या सावध असत्या, तर प्रत्येकीकडून १२,००० घेऊन भागले असते. पण कोण कोणती हे न कळल्यामुळे सर्वांना एकच आकडा लावावा लागतो, आणि तो १४,४०० होतो. सावध बाईला १४,०००पेक्षा अधिक देणे परवडत नसेल, तर ती कर्ज घेतच नाही. मागे उरतात केवळ धाडसी, आणि त्यांच्यासाठी आकडा चढतो तो थेट १८,०००वर. चांगले ऋणको दूर जावेत आणि जोखमीचे तेवढे उरावेत, यालाच अर्थशास्त्रात प्रतिकूल निवड म्हणतात.

संस्थेला जे ठाऊक नसते, ते शेजारणीला मात्र ठाऊक असते. १९७६ साली बांगलादेशातील जोब्रा गावी मुहम्मद युनूस यांनी जो प्रयोग आरंभिला, त्यातून पुढे ग्रामीण बँकेची पाच-पाच जणांच्या गटांची पद्धत आकारास आली. सामाईक जबाबदारीच्या कर्जात एकीचा हप्ता चुकला, तर तो बाकीच्यांनी भरावयाचा असतो. मात्र सोबतिणी कोण, हे ज्यांचे त्यांनीच ठरवावयाचे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून पाचांऐवजी दोघींची जोडी घेऊ. जोडीदारीण बुडाली, तर जी तरली तिने ६,००० रुपये भरावेत, असा करार आहे. धाडसी बाईला सावध सोबतीण मिळाली, तर हा भुर्दंड कमी वेळा पडेल आणि तिचे सरासरी १,०८० रुपये वाचतील. पण त्याच जोडीत सावध बाईचे नुकसान १,६२० रुपयांचे होते. कारण उघड आहे. दुसरीचे देणे भरण्याची पाळी स्वतःचा धंदा चालला तरच येते, आणि सावध बाईचा धंदा अधिक वेळा चालतो. म्हणून धाडसी बाईने आपला सारा लाभ देऊ केला, तरी सावध बाईचे मन वळत नाही. सावध सावधांशी आणि धाडसी धाडसींशी जोडल्या जातात. मैत्रीश घटक यांनी १९९९ साली मांडलेल्या विचाराचे हे सार होय.

आता संस्था मूळ आकडा १३,०८०वर आणू शकते. सावध बाईचा धंदा चालला, तर भुर्दंड धरून तिला सरासरी १३,६८० रुपये पडतात. धाडसी बाईला १५,४८०. दर सर्वांना एकच, पण जोखमीचे मोल जिचे तिच्याकडून वसूल होते, आणि सावध बाई कर्जात टिकून राहते.

कर्ज दिल्यानंतरही गट काम करीत राहतो. शिवणयंत्राचे पैसे लग्नात गेले, तर ते शेजारणींना आधी कळते. आणि गटाची थकबाकी पुढील कर्ज अडवीत असेल, तर त्या गप्प बसत नाहीत.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. सोबतिणीचे सहा हजार भरण्यास घरात दुसरी मिळकत हवी. पाऊस सर्वांनाच दगा देतो, तेव्हा जामीन राहणाऱ्याही बुडालेल्याच असतात. नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीनंतर विदर्भात सूक्ष्म कर्जांची वसुली कोसळली, तेव्हा गटांची जामीनकी ती सावरू शकली नाही. फिलिपाईन्समध्ये झेवियर जिने आणि डीन कार्लन यांनी केलेल्या प्रयोगात चालू गटांची सामाईक जबाबदारी काढून टाकली, तरी थकबाकी वाढली नाही. पण ते गट मुळात त्याच अटीखाली निवडले गेले होते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

गट बिघडला आहे हे ओळखण्याच्या खुणा कागदावर क्वचितच दिसतात. गट बायकांनी न जमविता कोण्या मध्यस्थाने जमविलेला असतो. एकीच्या नावावरचे कर्ज दुसरी वापरीत असते. तीच बाई अनेक संस्थांच्या गटांत असते आणि एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून फेडते. अशा ठिकाणी वसुली काही काळ पूर्ण दिसते; परंतु शेजारणीच्या ज्ञानाने केलेली निवड, जिच्यावर सारा हिशेब उभा होता, ती तेथे झालेलीच नसते.