आयरिसच्या पाकळ्या आणि विखुरण्याची दिशा

एडगर अँडरसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने आयरिस फुलांची केलेली मोजमापं १९३६ साली रोनाल्ड फिशरने आपल्या एका शोधनिबंधात वापरली, आणि तेव्हापासून ती संख्याशास्त्राच्या वर्गांतून फिरत आहेत. सेटोसा, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या तीन जातींची प्रत्येकी ५०, अशी १५० फुलं. प्रत्येकाच्या चार नोंदी आहेत: निदलाची लांबी-रुंदी आणि पाकळीची लांबी-रुंदी, सगळं सेंटीमीटरमध्ये.

आधी पाकळीचीच दोन मापं घेऊ. आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्यावर रुंदी मांडली की १५० ठिपक्यांचा एक लांबट, तिरका पट्टा दिसतो. लांब पाकळी बहुधा रुंदही असते, म्हणजे दोन आकडे बऱ्याच अंशी एकच गोष्ट सांगतात. मग दोनांऐवजी एकच आकडा ठेवायचा असेल, तर तो कोणत्या दिशेने मोजावा? ज्या दिशेने ठिपके सर्वांत जास्त विखुरलेले आहेत, त्या दिशेने. मुख्य घटक विश्लेषण ही पद्धत हेच करते. ती कार्ल पिअर्सनने १९०१ मध्ये भौमितिक अंगाने मांडली आणि हॅरोल्ड हॉटेलिंगने १९३३ मध्ये तिला आजचं रूप दिलं.

विखुरणं मोजायचं ते प्रचरणाने. प्रत्येक माप सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची सरासरी काढायची. लांबीचं प्रचरण ३.१२ येतं, रुंदीचं ०.५८. दोन्ही मापं एकत्र वाढतात की नाही हे सहप्रचरण सांगतं. त्यासाठी वर्गाऐवजी दोन अंतरांचा गुणाकार घ्यायचा. ते येतं १.३०. हे तीन आकडे चौकटीत मांडले की सहप्रचरण मॅट्रिक्स तयार होतो:

```
३.१२   १.३०
१.३०   ०.५८
```

या चौकटीची खरी ताकद अशी की कोणत्याही तिरक्या दिशेचं प्रचरण तिच्यातूनच निघतं, ठिपक्यांकडे परत जावं लागत नाही. ४५ अंशांच्या दिशेने ते ३.१४ येतं, म्हणजे नुसत्या लांबीपेक्षा किंचितच जास्त. याहून चांगली दिशा शोधण्यासाठी मॅट्रिक्सने एखाद्या दिशेला गुणून बघावं. गुणाकारानंतर ती दिशा सहसा थोडी वळते, आणि ती वळते त्या बाजूला आपण सरकलो तर प्रचरण वाढतं. म्हणून प्रचरण जिथे कमाल होतं, तिथे वळायला जागाच उरलेली नसते: मॅट्रिक्सने गुणूनही दिशा तीच राहते, फक्त लांबी बदलते. अशा दिशेला आयगेनव्हेक्टर म्हणतात, आणि लांबी जितक्या पट होते ती आयगेनव्हॅल्यू म्हणजे त्या दिशेचं प्रचरण.

हे हाताने करून बघता येतं. निव्वळ लांबीची दिशा (१, ०) घ्या. एकदा गुणल्यावर (३.१२, १.३०) मिळतं, म्हणजे लांबी १ तर रुंदी सुमारे ०.४१६. तीच दिशा पुन्हा गुणली की रुंदीचा वाटा ०.४२१ होतो, आणि पुढे कितीही वेळा गुणा, तिसऱ्या दशांशस्थळापर्यंत तो हलत नाही. इतक्या झटपट दिशा सापडते, कारण पट्टा फार अरुंद आहे. त्या दिशेचं प्रचरण ३.६६ आहे आणि तिला काटकोनात असलेल्या दुसऱ्या दिशेचं केवळ ०.०४. एकूण विखुरण्यातला ९९ टक्के भाग एका अक्षावर आला.

आता प्रत्येक फुलाला एक आकडा देता येतो: लांबीचा सरासरीपासूनचा फरक गुणिले ०.९२२, अधिक रुंदीचा फरक गुणिले ०.३८८. सरासरी पाकळी ३.७६ सेंमी लांब आणि १.२० सेंमी रुंद आहे. १.४ सेंमी लांब, ०.२ सेंमी रुंद पाकळीच्या सेटोसाला उणे २.५६ मिळतात, ६.० आणि २.५ मापांच्या व्हर्जिनिकाला अधिक २.५७. उणे-अधिक चिन्हाला स्वतःचा अर्थ नाही; अक्ष उलटा धरला तर चिन्हंही उलटतील.

चारही मापं घेतली तर पहिला अक्ष एकूण प्रचरणाचा ९२ टक्के भाग उचलतो. हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. निदलाची रुंदी तेवढी कुणी मिलिमीटरमध्ये लिहिली, तर तिचं प्रचरण शंभरपट होऊन १९ होतं आणि पहिला अक्ष जवळजवळ पूर्णपणे निदलाच्या रुंदीकडे वळतो. फुलं तीच असतात, बदललेलं असतं ते एकक. म्हणून पहिल्या अक्षात एकच माप बाकीच्यांना झाकून टाकत असेल, तर आधी एककं तपासावीत. किलो आणि सेंटीमीटर अशी भिन्न मापं असतील, तर प्रत्येक माप त्याच्या प्रमाण विचलनाने भागून घेणं बरं. आयरिसमध्ये तसं केल्यावर पहिल्या अक्षाचा वाटा ७३ टक्क्यांवर येतो.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. या हिशेबात फुलाची जात कुठेच आलेली नाही. पहिल्या अक्षावर सेटोसा स्पष्ट वेगळी पडते, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका मात्र कडेला एकमेकींत मिसळतात. सर्वांत जास्त विखुरणं ज्या दिशेने आहे, तिथेच गटांतला भेदही असेल अशी खात्री नसते. तो भेद कधी ०.०४ प्रचरणाच्या अक्षावरही असू शकतो, आणि तोच अक्ष आपण किरकोळ समजून टाकून देतो. फिशरला जाती ओळखायच्या होत्या, म्हणून त्याने १९३६ मध्ये वेगळी दिशा शोधली: जिच्यावर प्रत्येक जातीच्या आतल्या पसाऱ्याच्या मानाने जातींच्या सरासऱ्यांमधलं अंतर सर्वांत जास्त असेल.