रात्रपाळीसाठी चिठ्ठी

कधी येणारा, कधी न येणारा बिघाड रात्रपाळीकडे सोपवताना ‘सर्व्हर रीस्टार्ट केला, आता ठीक आहे’ एवढंच लिहू नये. जो दोष एरवीही तासन्तास दिसत नाही, तो रीस्टार्टनंतर दिसला नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही. समजा, पैसे भरताना अधूनमधून 502 येतो. मग चिठ्ठीत असं हवं: मेमरी वाढवली, तरी त्रुटी आली, त्या क्षणी ॲपच्या लॉगमध्ये विनंती पोचलेलीच नाही. संशय असा, की नोडचा सर्व्हर रिकामी जोडणी 5 सेकंदांत तोडतो, लोड बॅलन्सर मात्र ती 60 सेकंद धरून ठेवतो आणि तुटत्या जोडणीवरच विनंती पाठवतो. सर्व्हरची मुदत अजून वाढवलेली नाही. पुन्हा घडल्यास आधी दोन्हीकडचे लॉग वेळेसह जपा, मगच रीस्टार्ट करा.