शेवटचा श्लोक कुणाचा?

सत्यनारायणाच्या पूजेनंतर एका यजमानाने देवळातल्या गुरुजींना चिठ्ठी लिहिली: ‘गुरुजी, सा. न. आरतीनंतर हातात फुलं घेऊन जे म्हणतो, त्यातला शेवटचा श्लोक कुठला? ‘मरुत’ आणि ‘सभासद’ एवढंच कानावर राहिलं. अर्थही कळवावा.’

विधीतली जागा आणि ऐकलेले दोन शब्द. शोधायला एवढं पुरतं.

मंत्रपुष्पांजलीचा हा शेवट ऐतरेय ब्राह्मणाच्या आठव्या पंचिकेत, राज्याभिषेकाच्या प्रकरणात सापडतो. गंमत म्हणजे त्यात ना सत्यनारायण, ना गणपती! ती आहे अविक्षिताचा मुलगा मरुत्त राजा याची स्तुती. त्याच्या घरी म्हणे मरुत देव वाढपी होते आणि विश्वेदेव दरबारात सभासद म्हणून बसत. पुष्पांजलीचा पहिला मंत्र मात्र ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताचा. म्हणजे ही सलग रचना नव्हे, निरनिराळ्या ग्रंथांतून वेचून एकत्र केलेली आहे.