घाऊक दुकानाचा हिशेब
लेखांक सहावा : एका वेळी माल किती मागवावा?

मागील लेखांकात विक्रीच्या खतावणीवरून प्रत्येक वस्तूचा वार्षिक खप कसा काढावा हे आपण पाहिले. तो तक्ता हाती आल्यावर जो प्रश्न साहजिकच पुढे उभा राहतो तो असा, की एखादी वस्तू मागवायची तर एका वेळी किती मागवावी? पुण्याच्या बोहरी आळीत काय किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर काय, हार्डवेअरच्या घाऊक दुकानांतून या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर आढळते. महिन्याच्या आरंभी मुनीमजींनी मांडण्यांवरून नजर फिरवावी आणि कुलपापासून स्क्रूपर्यंत सर्व मालाची महिन्याभराची बेगमी एकदमच मागवावी, हा तो शिरस्ता. तो सुटसुटीत खरा. परंतु सर्व मालाला एकच मुदत लावल्यामुळे दुकानाचे नुकसान दोन्ही अंगांनी होते, हे आज आकड्यांनिशी दाखवावयाचे आहे.

प्रथम मालाची प्रतवारी करावी. प्रत्येक वस्तूच्या वार्षिक खपास तिच्या खरेदीदराने गुणावे आणि येणाऱ्या रकमा मोठ्यापासून लहानापर्यंत क्रमाने मांडाव्यात. बहुधा असे दिसते, की वरच्या सुमारे पंचमांश वस्तूंतच एकंदर रकमेचा तीनचतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग सामावलेला असतो. त्या ‘अ’ वर्गातल्या. त्यांच्या खालच्या ‘ब’. आणि संख्येने विपुल पण रकमेने किरकोळ अशा उरलेल्या वस्तू ‘क’. येथे एक चूक हमखास होते, ती म्हणजे नगाच्या किमतीवरून वर्ग ठरविण्याची. साडेचार हजारांची फ्लोअर स्प्रिंग दर्शनी कपाटात मानाने बसलेली असली, तरी वर्षाकाठी ती चारच खपत असेल तर तिची रक्कम अवघी १८,००० भरते. उलट दाराशी गोणीत पडलेले तारखिळे किलोला ७० रुपयांचे असले, तरी वर्षाला १२,००० किलो जात असतील तर ते ८,४०,००० रुपयांचे होतात. अशा दुकानात खिळे ‘अ’ वर्गात जातील आणि स्प्रिंग ‘क’ वर्गात.

आता परिमाणाकडे वळू. मागणीगणिक एक खर्च येतो : टेम्पोचे किमान भाडे, हमाली, माल मोजून घेणे, बिल ताडून पाहणे. हा खर्च दर खेपेस ४०० रुपये समजू. मुनीमजींचा पगार यात धरू नये. कारण मागण्या वाढल्या वा घटल्या तरी तो तितकाच राहतो. दुसरा खर्च माल पडून राहण्याचा : बँकेच्या कॅश क्रेडिटवरील व्याज, गुदामभाडे, विमा, गंज, नमुना जुना पडल्याने होणारी तूट. हा दरसाल दर शेकडा २० समजू. थोडाथोडा माल वारंवार मागविला तर पहिला खर्च फुगतो, पुष्कळ माल क्वचित मागविला तर दुसरा. आणि जेथे वर्षाअखेर हे दोन्ही खर्च समसमान होतात, तेथे त्यांची बेरीज सर्वांत कमी असते. फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ साली हे सूत्ररूपाने मांडले. आपल्या सोयीसाठी ते रुपयांत असे लिहिता येते :

एका खेपेची रक्कम = √(२ × वार्षिक खपाची रक्कम × दर खेपेचा खर्च ÷ पडून राहण्याचा दर)

उदाहरणादाखल ६०० रुपये खरेदीचे एक दाराचे कुलूप घेऊ, जे वर्षाला ६,००० नग खपते. म्हणजे वार्षिक रक्कम ३६,००,००० झाली. सूत्रात आकडे घालता एका खेपेची रक्कम १,२०,००० येते, म्हणजे २०० कुलपे, वर्षातून ३० वेळा. मासिक शिरस्त्याने ५०० कुलपे येतात, सरासरी दीड लाखाचा माल पडून राहतो, त्याचे ३०,००० आणि बारा मागण्यांचे ४,८०० मिळून ३४,८०० रुपये खर्च होतात. सूत्राप्रमाणे पडून राहण्याचे १२,००० आणि मागण्यांचे १२,००० असे २४,००० लागतात. आता वर्षाला १६,००० रुपयांचे खपणारे लहान पितळी स्क्रू घ्या. यांचे उत्तर ८,००० रुपये, म्हणजे वर्षातून दोनदा. त्यांच्यावर १,६०० रुपये खर्च व्हावयाचे, तेथे ते स्वतंत्रपणे दरमहा मागविल्यास ४,९०० च्या वर जातात. अर्थात एकच शिरस्ता कुलपांना फार विरळ ठरतो आणि स्क्रूंना फार दाट.

उत्तर २०० आले आणि पेटीत २४ कुलपे असली तर काय करावे, अशी शंका येईल. त्यावर आठ किंवा नऊ पेट्या, कितीही घ्याव्यात. किमान खर्चाच्या आसपास हा हिशेब फारच सौम्य असतो : परिमाण दीडपट केले तरी खर्च शेकडा आठच्या थोडासा वर वाढतो, दुप्पट किंवा निम्मे केले तर शेकडा २५. यास्तव मागणीखर्च ४०० की ५०० या वादात वेळ दवडू नये. बारीक लक्ष द्यावयाचे ते ‘अ’ वर्गाच्या खपाकडे व दराकडे.

हाच हिशेब कंपनीच्या सवलतीची पारख करण्यासही उपयोगी पडतो. समजा, एकदम १,००० कुलपे घेतल्यास शेकडा १ सूट मिळते. वर्षाला ३६,००० वाचतील खरे, पण दोन्ही खर्च मिळून २४,००० चे ६१,८०० होतील. म्हणजे १,८०० ची खोटच. सूट शेकडा २ असेल तर मात्र ७२,००० वाचून खर्च ६१,२०० वर जातो आणि ३४,८०० निव्वळ उरतात. मात्र त्यासाठी दर खेपेस सुमारे सहा लाख गुंतविण्याची ऐपत हवी, आणि तो नमुना वर्षभर चालेल याची खात्रीही हवी.

सूत्राच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. खप वर्षभर सारखा आहे, हे त्याचे गृहीत. ताडपत्रीसारखा पावसाळ्याच्या तोंडावर खपणारा माल त्यात बसत नाही. त्याची तजवीज हंगामावरूनच करावी. एकाच कारखानदाराकडून येणाऱ्या ‘क’ वर्गातील चाळीस वस्तू एका टेम्पोने येत असतील, तर ४०० रुपये प्रत्येकीवर लादणे चूक. त्यांचा एकत्र विचार करावा. आणि ‘क’ म्हणजे दुर्लक्षणीय, असे तर मुळीच समजू नये. सुतार यादी घेऊन येतो तेव्हा बिजागऱ्या, कड्या, कुलपे आणि स्क्रू हे सर्व त्याला एकाच ठिकाणी हवे असते. वीस रुपयांचा स्क्रू नसला तर हजारो रुपयांची यादी शेजारच्या दुकानी जाते. म्हणून ‘अ’ वर्गाची शिल्लक दर पंधरवड्यास मोजावी. ‘क’ ची मोजदाद वर्षातून एकदा पुरे, पण तिचा साठा ऐसपैस ठेवावा. स्क्रूची एक पेटी मांडणीच्या तळाशी सुतळीने बांधून ठेवावी. ती सुतळी सोडण्याची पाळी येताच मागणी लिहावी, म्हणजे खतावणी न उघडताही काम भागते.

ती सुतळीची पेटी केवढी असावी, म्हणजेच शिल्लक किती उरली असता मागणी धाडावी, हे मात्र आजचे सूत्र सांगत नाही. ते माल पोचण्यास लागणाऱ्या दिवसांवर आणि त्या दिवसांतील खपाच्या चढउतारावर अवलंबून असते. त्याचा विचार पुढील लेखांकी करू.