मखाणे कोरडे भाजताना

बाजारात मिळणारे पांढरे, हलके मखाणे आधीच फुललेले असतात. बिहारमधील मिथिला भागात तळ्यांतून काढलेले काळे, टणक बी तापलेल्या कढईत भाजून लाकडी हातोडीने फोडले जाते, तेव्हा आतला गर फुलून बाहेर येतो. त्यामुळे घरी भाजताना तो पुन्हा फुलवायचा नसतो. त्यात शिरलेला ओलावा काढून टाकायचा असतो. मखाणा जाळीदार असल्याने हवेतला दमटपणा चटकन शोषून घेतो आणि सादळून चिवट होतो. पावसाळ्यात हे विशेष जाणवते.

कढईत भाजण्यासाठी जाड बुडाची, पसरट कढई घ्यावी. ५० ग्रॅम मखाण्यांनी मोठी कढई बऱ्यापैकी भरते. तेल-तूप न घालता कढई मंद आचेवर दोन मिनिटे तापवावी, मखाणे घालावेत आणि सतत परतत ८ ते १० मिनिटे भाजावेत. मखाण्यात हवेची पोकळी खूप असल्याने उष्णता आत सावकाश पोहोचते. आच मोठी ठेवली, तर दोन-तीन मिनिटांतच वरून तपकिरी डाग पडतात आणि आतला भाग चिवटच राहतो. म्हणून रंगावरून अंदाज बांधू नये. नीट भाजलेला मखाणाही जवळजवळ पांढराच दिसतो.

खरी परीक्षा बोटांची. एक मखाणा बाहेर काढून अर्धा मिनिट निवू द्यावा आणि चिमटीत दाबावा. कट्‌कन मोडून त्याचा चुरा झाला, तर घाण्यातले मखाणे तयार आहेत. नुसता दबून चपटा झाला, तर आणखी दोन मिनिटे परतावेत. गरम मखाणा थोडा मऊ लागतो, म्हणून तो निवू देणे महत्त्वाचे.

मायक्रोवेव्हमध्ये काम लवकर होते, पण लक्ष अधिक लागते. सुमारे दोन वाट्या मखाणे पसरट काचेच्या ताटलीत एकाच थरात, न झाकता ठेवावेत. झाकले तर वाफ आतच कोंडते. ८०० वॉटच्या आसपासच्या मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण शक्तीवर एक मिनिट ठेवून हलवावेत आणि मग तीस-तीस सेकंदांनी तपासावे. एकूण दोन ते तीन मिनिटे बहुधा पुरतात. येथे मखाणा बाहेरून पांढरा असतानाच आतून करपू शकतो. त्यामुळे दर वेळी एक मोडून पाहावा. आत पिवळसर झाक दिसू लागली की थांबावे.

कोरड्या मखाण्यांना मीठ चिकटत नाही. ते हवे असेल, तर भाजून झाल्यावर चमचाभर तूप चोळून सैंधव भुरभुरावे. मखाणे ताटात पसरून पूर्ण निवल्यावरच हवाबंद डब्यात भरावेत, कारण कोमट असताना भरले तर वाफेने पुन्हा मऊ पडतात. कोरडे भाजलेले मखाणे नंतर सादळले, तरी मंद आचेवर तीन-चार मिनिटे परतल्यावर पुन्हा कुरकुरीत होतात.