पाचशे मिलीग्रॅम, पण कशाचे?

मेडिकलच्या दुकानात अश्वगंधाच्या तीन डब्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. तिन्हींच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत ‘500 मिग्रॅ’ असे छापलेले असते. किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक. गिऱ्हाईक साहजिकच विचारते, माल सारखा, वजन सारखे, मग महागडी डबी घ्यायची कशाला? उत्तर डबीच्या मागच्या बाजूला, बारीक टाइपात असते. तिथे बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात.

पहिल्या डबीमागे लिहिलेले असते, ‘प्रत्येक कॅप्सूलमध्ये अश्वगंधा मूळ चूर्ण 500 मिग्रॅ’. म्हणजे वाळवलेले मूळ दळून कॅप्सूलमध्ये भरलेले. दुसरीवर असते, ‘अश्वगंधा मुळाचा अर्क 500 मिग्रॅ, विथॅनोलाइड्स 5 टक्के’. तिसरीवर ‘अश्वगंधा अर्क 10:1’, आणि त्याच्याही खाली, ‘500 मिग्रॅ, दर मात्रेला दोन कॅप्सूल’. या तिसऱ्या डबीतली एक कॅप्सूल मुळात 250 मिलीग्रॅमचीच आहे, हे वाचल्याशिवाय कळत नाही.

विथॅनोलाइड्स ही अश्वगंधातली अशी संयुगे, ज्यांच्यावरून अर्काची ताकद मोजतात. अमेरिकी औषधकोशाच्या निकषानुसार सुक्या मुळात ती किमान 0.3 टक्के असावी लागतात. या हिशेबाने पहिल्या डबीतल्या कॅप्सूलमध्ये साधारण दीड मिलीग्रॅम विथॅनोलाइड्स येतात. दुसऱ्या डबीत 500 चे पाच टक्के, म्हणजे 25 मिलीग्रॅम. छापलेला आकडा एकच, पण आतला ऐवज सोळा पटींहून जास्त.

म्हणून चूर्ण टाकाऊ ठरत नाही. आयुर्वेदिक औषधकोशात अश्वगंधा चूर्णाची रोजची मात्रा 3 ते 6 ग्रॅम दिली आहे, आणि वैद्य ती चमच्याने दुधातून देत आले आहेत. अडचण मात्रेची आहे. 500 मिलीग्रॅम चूर्णाच्या दोन कॅप्सूल म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. एवढ्याने परंपरेतली मात्राही भरत नाही आणि अर्कावर झालेल्या अभ्यासांतली मात्राही गाठली जात नाही.

‘प्रमाणित अर्क’ या शब्दांचा अर्थ इथे लागतो. जमीन, पाऊस, काढणीचा काळ, साठवण यांमुळे प्रत्येक खेपेच्या मुळात विथॅनोलाइड्स कमी-अधिक असतात. अर्क काढणारा कारखाना ती मोजतो आणि प्रत्येक खेपेचा अर्क ठरलेल्या टक्क्यावर आणून ठेवतो. टक्का छापलेला असला तरच ग्राहकाला काहीतरी ताडून पाहता येते. तिसऱ्या डबीवरचे ‘10:1’ असा कोणताही शब्द देत नाही. दहा किलो वनस्पतीतून एक किलो अर्क निघाला, एवढेच ते सांगते. पाण्याने काढलेला आणि अल्कोहोलने काढलेला अर्क एकाच गुणोत्तराचे असले तरी त्यांतली रसायने वेगळी असू शकतात. जुन्या, सत्त्व गेलेल्या मुळांपासूनही 10:1 अर्क निघतोच.

टक्क्याच्या मागेही एक प्रश्न उरतो, तो मोजला कसा? चांगल्या लेबलावर किंवा कंपनीच्या तपासणी अहवालात ‘एचपीएलसी’ असा उल्लेख सापडतो. या पद्धतीत एकेक संयुग वेगळे करून मोजले जाते. जुन्या वजनी पद्धतीत अर्कातून वेगळा केलेला सगळा भाग एकत्र तोलतात, आणि विथॅनोलाइड नसलेले पदार्थही त्यात धरले जातात. तोच अर्क वजनी पद्धतीने मोजला तर टक्का फुगतो. मोजण्याची पद्धत न सांगता भलामोठा टक्का मिरवणाऱ्या डबीकडे म्हणूनच जरा थांबून पाहावे.

आता वनस्पतीचा भाग. अश्वगंधाचे मूळ खणायचे, धुवायचे, वाळवायचे आणि जाडीप्रमाणे निवडायचे. मध्य प्रदेशातल्या नीमचच्या बाजारात मुळांची प्रतवारी होऊन भाव ठरतो. पाने मात्र शेतात उरणारा माल, त्यामुळे स्वस्त. शिवाय पानांत विथॅनोलाइड्स, त्यातही विथाफेरिन-ए, मुळापेक्षा जास्त असते. अर्कात पाने मिसळली की कमी पैशांत टक्का वाढतो. हा मोह इतका पसरला की आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये उत्पादकांना अश्वगंधाची पाने न वापरण्याची सूचना दिली. आयुर्वेदाच्या ग्रंथांत पोटात घेण्यासाठी मुळाचाच वापर सांगितला आहे. विथाफेरिन-ए हे प्रयोगशाळेत पेशींना मारक ठरलेले संयुग आहे, त्यामुळे पानांच्या सुरक्षिततेला मुळांचा अनुभव लागू करता येत नाही.

परदेशी बाजारात मूळ आणि पान दोन्हींपासून केलेले, 10 टक्के किंवा 35 टक्के विथॅनोलाइड ग्लायकोसाइड्सचे अर्क उघडपणे विकले जातात. निदान तिथे भाग लिहिलेला असतो. आक्षेप आहे तो ‘अश्वगंधा अर्क’ एवढेच लिहून मोकळे होण्याला. आयुर्वेदिक परवान्याच्या डब्यांवर भाग संक्षेपाने छापतात. ‘आर-टी’ म्हणजे मूळ, ‘आर-झेड’ म्हणजे कंद, ‘एल-एफ’ म्हणजे पान, ‘एफ-आर’ म्हणजे फळ. वनस्पतीच्या शास्त्रीय नावापुढे कंसात ही अक्षरे शोधावीत. ती नसतील, तर कंपनी नेमके काय भरते हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे. प्रयोगशाळेत पानांची भेसळ ओळखता येते, कारण पानांत असणारी काही फ्लॅव्होनॉल संयुगे मुळात नसतात. घरी बसून मात्र वासावरून किंवा रंगावरून ती ओळखता येत नाही.

शास्त्रीय नावाला तेवढेच महत्त्व आहे. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता. नुसते ‘गुळवेल’ लिहिलेल्या डबीवरून असा वाद कधीच सुटत नाही.

हळदीच्या कॅप्सूलमध्ये भागाचा घोळ कमी, टक्क्याचा जास्त. हळकुंडात कुरक्युमिन आणि त्याची भावंडे असलेली पिवळी संयुगे, म्हणजे कुरक्युमिनॉइड्स, साधारण 2 ते 5 टक्के असतात. वर्ध्याच्या वायगाव हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिचे नाव भरपूर कुरक्युमिनसाठीच झाले आहे. बाजारातला अर्क मात्र बहुधा ‘95 टक्के कुरक्युमिनॉइड्स’ असतो. हिशेब सोपा आहे. 500 मिलीग्रॅम हळद पूड, 3 टक्क्यांनी धरली तर 15 मिलीग्रॅम. 500 मिलीग्रॅम अर्क, 95 टक्क्यांनी 475 मिलीग्रॅम. एवढे कुरक्युमिनॉइड्स आमटी-भाजीतून मिळवायचे, तर रोज जवळपास 16 ग्रॅम हळद, म्हणजे पाचेक चहाचे चमचे, पोटात जायला हवी. ‘आपण रोज हळद खातोच की’ हा दिलासा अशा कॅप्सूलला लागू पडत नाही.

अन्नातल्या रंगद्रव्य म्हणून कुरक्युमिनची आयुष्यभर चालेल अशी रोजची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनाला 3 मिलीग्रॅम ठेवली आहे. साठ किलोच्या माणसासाठी ती 180 मिलीग्रॅम होते. एकच अर्क-कॅप्सूल तिच्या अडीचपट भरते. मर्यादा ओलांडली म्हणजे लगेच विषबाधा होते असे नाही, पण ‘दिवसातून दोन, जेवणानंतर’ वर्षानुवर्षे घेणाऱ्याने हा हिशेब ठाऊक ठेवावा.

त्यातच पुष्कळ डब्यांवर ‘पायपरीनसह’ असे लिहिलेले असते. पायपरीन हे मिऱ्यातले तिखट द्रव्य. कुरक्युमिन आतड्यातून फारसे शोषले जात नाही, आणि शोषले गेलेले यकृत झटपट बाहेर टाकते. 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कुरक्युमिनसोबत 20 मिलीग्रॅम पायपरीन दिले, तेव्हा रक्तात पोचणारे प्रमाण कितीतरी पटींनी वाढले. दर्शनी बाजूवरचा ‘वीसपट शोषण’ हा दावा तिथून येतो. पायपरीन हे साधते ते औषधे मोडणाऱ्या यंत्रणेला आवर घालून, आणि त्याचा परिणाम त्याच माणसाच्या इतर गोळ्यांवरही होऊ शकतो. रक्त पातळ करणारी किंवा फिटची औषधे चालू असलेल्यांनी हा शब्द दिसला की डॉक्टरांना दाखवावा. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतइजा नोंदवणाऱ्या जाळ्याने हळदीशी जोडलेल्या दहा रुग्णांचा अहवाल दिला. त्यांपैकी पाच जण रुग्णालयात दाखल झाले, एकाचा मृत्यू झाला, आणि सात जणांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला. म्हणजे धोका सर्वांना सारखा नाही, पण कोणाला आहे हे डबी सांगू शकत नाही.

दाव्यांची बाजू परवान्यावरून उलगडते. डबीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते अन्न आहे. त्यावर ‘वैद्यकीय उपयोगासाठी नाही’ असे इंग्रजीत छापावे लागते, आणि रोग बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा करता येत नाही. आयुर्वेदिक औषधाचा राज्याने दिलेला परवाना असेल तर ते औषध आहे आणि त्यावर उपयोग लिहिता येतात, पण 1954 च्या औषध व चमत्कारी उपाय कायद्यामुळे मधुमेहासारख्या यादीतल्या रोगांवर उपचाराची जाहिरात कोणालाच करता येत नाही. एकाच डबीवर अन्नाचा परवाना आणि ‘शुगर मुळापासून घालवते’ ही ओळ दिसली, तर दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

‘क्लिनिकली टेस्टेड’ या शब्दांबाबत विचारायचे ते एवढेच, की कोणत्या अर्काची चाचणी झाली? अश्वगंधाचा वारंवार दिला जाणारा 2012 चा अभ्यास 64 जणांवर झाला. त्यात मुळाचा प्रमाणित अर्क 300 मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, साठ दिवस दिला होता. तणाव कमी झाल्याचा त्याचा निष्कर्ष त्या अर्काचा, त्या मात्रेचा आहे. वर उल्लेखलेल्या पहिल्या डबीतल्या चूर्णाला किंवा तिसरीतल्या 10:1 अर्काला तो उसना घेता येत नाही. साठ दिवसांपलीकडे काय होते, हेही तो सांगत नाही.

थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि यकृताचा त्रास असलेल्यांनी अश्वगंधा स्वतःच्या मनाने सुरू करू नये. आइसलँड आणि अमेरिकेतून 2020 मध्ये अश्वगंधानंतर कावीळ झालेल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली आहे. लघवी गडद होणे, डोळे पिवळे पडणे, अंगाला खाज सुटणे, भूक मरणे ही लक्षणे दिसताच कॅप्सूल बंद करून डॉक्टरांकडे जावे, आणि जाताना डबी सोबत न्यावी. वनस्पतीचा भाग, अर्काचा टक्का आणि बॅच क्रमांक तिच्यावरूनच डॉक्टरांना कळतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी 1800-180-3024 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, तिथेही बॅच क्रमांक सांगावा.